शेवटची पगारचिठ्ठी

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी आमचा भाचा घरी आला. चहा पुढे ठेवला तरी त्याचे लक्ष हातातल्या मोबाइलकडेच होते. पीथमपूरच्या एका कारखान्यात तो नऊ वर्षे खरादीच्या यंत्रावर काम करीत होता. रोज पहाटे कारखान्याच्या बसने जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, असा त्याचा क्रम. यंदा इंदुरातच, सांवेर रस्त्यावर, त्याला दुसरे काम मिळाले. त्याने रीतसर राजीनामा दिला, नोटिशीचा महिना पुरा भरला आणि 30 एप्रिलला जुन्या कारखान्याचा निरोप घेतला. आठवडाभराने अखेरच्या हिशेबाची पगारचिठ्ठी मोबाइलवर आली आणि त्याच दिवशी रक्कमही बँकेत जमा झाली.

"मामा, पैसे कमी वाटतात. पण कुठे कमी आहेत ते सापडत नाही. तुम्ही एकदा पाहता का?" तो म्हणाला.

आमच्या आयुष्याची चौतीस वर्षे पगारखात्यात गेली. हजेरीचे मस्टर, रजेची कार्डे आणि जादा कामाच्या चिठ्ठ्या यांच्या ढिगात बसून आम्ही हजारो माणसांचे हिशेब केले. खोटे कशाला बोला, काहींचे चुकविलेही. म्हणून भाच्याची ती चिठ्ठी हाती घेताना डोळे आपोआप नेमक्या दोन रकान्यांकडे वळले. रजेच्या रोखीकरणाच्या रकान्यात शून्य होते. ओव्हरटाइमच्या रकान्यात मात्र 14 तास आणि 2,800 रुपये असा आकडा होता. शून्य कोणाच्याही नजरेत भरते. खरी फसगत होते ती भरलेल्या रकान्यात. तेथे काही आकडा आहे एवढे पाहूनच मन समाधान पावते. तो पुरा आहे की नाही, हे कोणी तपासत नाही.

"शेवटच्या दहा दिवसांत ओव्हरटाइम केला होतास का?" आम्ही विचारले.

"केला ना. माझ्या जागेवरच्या मुलाला काम शिकवायचे होते, शिवाय एक ऑर्डरही अडली होती. बावीस तास तरी झाले असतील."

"मग ते या चिठ्ठीत नाहीतच."

हे आम्ही पाहताक्षणीच कसे सांगितले, याचे त्याला नवल वाटले. त्यात नवलाचे काही नाही. महिनाअखेरीस पगार वेळेवर निघावा म्हणून पुष्कळ पगारखाती जादा कामाचा हिशेब महिन्याच्या 20 तारखेलाच बंद करतात. 21 तारखेपासून पुढे केलेले जादा काम पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत येते. नोकरीवर असलेल्या माणसाचे त्यात काही बिघडत नाही, कारण आज राहिलेले उद्या मिळते. परंतु सोडून जाणाऱ्या माणसाला पुढची चिठ्ठीच नसते. त्याचा अखेरचा हिशेब जर नेहमीच्याच साच्यातून काढला, तर 21 तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतचे तास कोणत्याही महिन्यात न बसता मधल्या फटीत पडतात. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. यंत्राला जेवढे सांगितले तेवढे ते करते, आणि सोडून गेलेला कामगार समोर उभा नसल्याने कोणाला आठवणही होत नाही.

रजेचेही तसेच होते. रजेचा हिशेब बहुधा मनुष्यबळ विभागाच्या वहीत असतो आणि पगाराचा पगारखात्यात. रजेची शिल्लक पहिल्या विभागाने दुसऱ्याला कळविली, तरच रोखीकरणाच्या रकान्यात आकडा चढतो. कळविली नाही तर शून्य. त्या शून्याचा अर्थ 'देणे नाही' असा नसून 'कोणी कळविले नाही' असा असण्याचा संभव अधिक. म्हणूनच आम्ही भाच्याला प्रथम हेच सांगितले की, भांडायला जाऊ नकोस, मागायला जा. पण मागशील ते आकडे घेऊन माग.

आकडे गोळा करताना एक अडचण पुढे आली. कारखान्याच्या ज्या संगणकीय खात्यावर हजेरी आणि रजा दिसत असे, ते त्याच्या निरोपाच्या दिवशीच बंद झाले होते. पूर्वी रजेचे कार्ड कामगाराच्या खिशात असे. आता ते मालकाच्या दाराआड असते आणि नोकरी सुटली की दार लागते. सुदैवाने भाचेसून व्यवस्थित आहे. दर महिन्याची चिठ्ठी ती आपल्या मोबाइलमध्ये साठवून ठेवते. डिसेंबरच्या चिठ्ठीच्या तळाशी 'अर्जित रजा शिल्लक 18' असे छापलेले सापडले. एप्रिलच्या हजेरीपत्रकाचे छायाचित्र भाच्याने निघण्यापूर्वी घेतले होते. त्यात रोजची आत येण्याची व बाहेर पडण्याची वेळ होती. नोकरी सोडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने राजीनाम्याचा कागद देण्याआधी, निदान निरोपाच्या आदल्या दिवशी तरी, रजेची शिल्लक, गेल्या बारा महिन्यांच्या चिठ्ठ्या आणि चालू महिन्याची हजेरी, एवढे तीन कागद आपल्यापाशी घ्यावेत. नंतर ते मागून मिळतात, पण फार हेलपाट्यांनी.

मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 20,800 रुपये होते. घरभाडे व प्रवासभत्ता मिळून आणखी 5,200. नव्या कायद्यात 'वेतन' म्हणून जे धरले जाते, त्यात घरभाडे व प्रवासभत्ता येत नाहीत. मात्र असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच मिळवावा लागतो. भाच्याचे भत्ते 26,000 पैकी 5,200 म्हणजे पाचवा हिस्सा होते, तेव्हा तो प्रश्न उद्भवला नाही आणि 20,800 हाच पाया ठरला.

आता एका दिवसाचे वेतन किती? येथे पुष्कळांची गफलत होते. कोणी 30 ने भागतो, कोणी 26 ने. 30 ने भागले तर दिवसाला 693 रुपये येतात, 26 ने भागले तर 800. वीस-बावीस दिवसांच्या रजेत हा फरक दोन हजारांवर जातो. वाद टाळण्याची एक सोपी कसोटी आहे. कारखान्याने पूर्वी कधी बिनपगारी खाडा कापला असेल, तर तो कोणत्या भागाकाराने कापला ते जुन्या चिठ्ठीत पाहावे. कापताना जो भाजक, तोच देताना. भाच्याचा मागल्या वर्षी एक खाडा झाला होता आणि त्याचे 800 रुपयेच कापले होते. म्हणजे भाजक 26 हे कारखान्यानेच ठरवून ठेवले होते. दिवसाचे 800, तर आठ तासांच्या पाळीने तासाचे 100. आणि जादा कामाचा दर कायद्याप्रमाणे दुप्पट, म्हणजे तासाला 200. चिठ्ठीतल्या 14 तासांचे 2,800 दिले होते, त्यावरून तो दरही जुळला.

रजेचा हिशेब असा. डिसेंबरअखेर शिल्लक 18 दिवस. जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत प्रत्यक्ष काम 100 दिवस. दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस, या नियमाने 5 दिवस नवे. या वर्षी त्याने रजा घेतलेली नव्हती. एकूण 23 दिवस, 800 प्रमाणे 18,400 रुपये.

जादा कामाचा हिशेब करताना दोन ठिगळे निघाली. 21 ते 30 एप्रिलचे 22 तास तर होतेच. शिवाय मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस दोन-दोन तास, असे 8 तास त्याने केले होते. तेही 14 तासांत नव्हते. म्हणजे 30 तास, 200 प्रमाणे 6,000 रुपये. दोन्ही मिळून 24,400. भाचेसूनबाई आतून ऐकत होत्या. थोरलीच्या अकरावीच्या प्रवेशाला एवढेच लागणार आहेत, असे त्या हळूच म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या.

यानंतर पत्र. आमच्या अनुभवात पगारखात्याकडे येणारी पत्रे दोन प्रकारची असत. एकात नुसता संताप असे. ते वाचून कारकुनाला काय शोधायचे तेच कळत नसे आणि पत्र खालच्या खणात जाई. दुसऱ्यात कामगार क्रमांक, तारखा आणि बेरीज असे. ते हाती पडताच मस्टर उघडावेसे वाटे. आम्ही दुसऱ्या प्रकारचे पत्र लिहिले. कारखान्यात ते इंग्रजीत गेले, पण मसुदा मराठीत केला होता, तो येथे देतो.

"प्रति, पगार विभाग, प्रत मनुष्यबळ विभागास. मी, कामगार क्रमांक अमुक, यंत्रशाळा विभाग, दिनांक 30 एप्रिल रोजी राजीनाम्याने सेवामुक्त झालो. अखेरच्या पगारचिठ्ठीत पुढील दोन रकमा आलेल्या नाहीत. एक: अर्जित रजा, डिसेंबरअखेर शिल्लक 18 दिवस आणि यंदाच्या 100 दिवसांच्या कामावर 5 दिवस, एकूण 23 दिवस, दररोज 800 प्रमाणे 18,400 रुपये. दोन: जादा काम, मार्चमधील 8 तास व 21 ते 30 एप्रिलमधील 22 तास, एकूण 30 तास, ताशी 200 प्रमाणे 6,000 रुपये. एकूण 24,400 रुपये. डिसेंबरची पगारचिठ्ठी, एप्रिलचे हजेरीपत्रक व जादा कामाच्या तारखांची यादी सोबत जोडली आहे. कृपया सुधारित हिशेबपत्रक द्यावे व रक्कम माझ्या पूर्वीच्याच बँक खात्यात सात दिवसांत जमा करावी. यांतील एखादी बाब मान्य नसल्यास कोणती व कोणत्या कारणाने, ते लेखी कळवावे."

यातले शेवटचे वाक्य सर्वांत कामाचे आहे. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. लेखी नकाराला देता येते. पत्र ईमेलने पाठविले, आणि त्याचीच छापील प्रत कारखान्याच्या फाटकावर देऊन दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला.

चौथ्या दिवशी भाच्याला फोन आला. पलीकडून गोड शब्दांत सांगण्यात आले की, या आणि 'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला, आता काही येणे नाही' या कागदावर सही करा, म्हणजे अनुभवाचा दाखला आणि राहिलेले पैसे एकदमच पाहू. भाचा जायला निघालाही होता. आम्ही त्याला थांबविले. पैसे हाती येण्यापूर्वी 'काही येणे नाही' असे लिहून देणे म्हणजे आपल्याच हाताने आपले पत्र फाडणे होय. अशा कागदावर सही करण्याची वेळ आलीच, तर मिळालेल्या रकमेचा आकडा त्यावर लिहावा आणि 'रजेचे व जादा कामाचे येणे बाकी, त्याविषयीचे पत्र अमुक तारखेचे' अशी ओळ स्वतःच्या अक्षरांत घालून मगच सही करावी. भाच्याने तेच केले. समोरच्या अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण कागद ठेवून घेतला. दाखलाही दिला.

सातव्या दिवशी लेखी उत्तर आले. 18 दिवसांची रजा आणि 22 तासांचे जादा काम मान्य होते; त्यांचे 14,400 आणि 4,400, मिळून 18,800 रुपये जमाही झाले. उरलेल्या दोन बाबी मात्र नाकारल्या होत्या. यंदा 180 दिवस काम पुरे झाले नसल्याने या वर्षाची रजा लागू होत नाही, हे पहिले कारण. मार्चच्या 8 तासांच्या चिठ्ठ्यांवर सुपरवायझरची मंजुरी नाही, हे दुसरे.

पहिले कारण वाचून भाच्याचा चेहरा उतरला, कारण ते खरे वाटत होते. कायद्यात 180 दिवसांची अट आहेच. जुन्या कारखाने कायद्यात ती 240 दिवसांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या, त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती 180 वर आणली. परंतु ही अट नोकरीत असताना रजा भोगण्याच्या हक्काची आहे. त्याच संहितेचे कलम 32 पुढे स्पष्ट सांगते की, कामगार नोकरी सोडून गेला, काढला गेला, निवृत्त झाला किंवा मृत्यू पावला, तर तेवढे दिवस काम झालेले नसले तरी त्याच्या रजेचे वेतन त्याला किंवा त्याच्या वारसाला द्यावे. जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. पगारखात्यातल्या माणसाच्या डोक्यात पहिले वाक्य पक्के बसलेले असते आणि दुसरे त्याने वाचलेले नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. प्रारंभीच्या काळात आम्हीही असेच एका विणकराचे सहा दिवस नाकारले होते, आणि वरिष्ठांनी पुस्तक पुढे टाकल्यावर ते मुकाट्याने दिले होते.

याच कलमात मुदतही आहे. नोकरी सोडणाऱ्याला किंवा काढलेल्याला रजेचे वेतन दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी मिळाले पाहिजे. निवृत्त झालेल्याच्या किंवा मृताच्या बाबतीत दोन महिन्यांत. राहिलेल्या पगारासाठी वेतन संहिता, 2019, हिचे कलम 17 पाहावे. राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यावे, असे ते म्हणते. 'आमच्याकडे अखेरच्या हिशेबाला पंचेचाळीस दिवस लागतात' हे वाक्य कारखान्याकारखान्यांतून ऐकू येते. ती सवय आहे, कायदा नव्हे.

दुसरे कारण अवघड होते. मंजुरीची चिठ्ठी नाही, हे खरेच होते. अशा वेळी काम झाल्याचा दुसरा पुरावा शोधावा लागतो. बाहेर पडण्याची वेळ उशिराची आहे, एवढ्याने भागत नाही. माणूस बससाठी थांबला असेल, असे उत्तर येते. म्हणून आम्ही भाच्याला विचारले की, त्या संध्याकाळी यंत्रावर काय निघाले, हे कोठे लिहिले जाते? तो म्हणाला की, जॉब कार्डावर वेळ आणि नग लिहितात आणि दुसऱ्या सकाळी सुपरवायझर त्यावर सही करतो. झाले तर मग. ज्या सुपरवायझरने जादा वेळेतले नग सही करून ताब्यात घेतले, त्याने ते काम करू दिले होते, हे निराळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या पत्रात आम्ही कलम 32 चा उल्लेख केला, चार तारखा दिल्या आणि त्या दिवसांची जॉब कार्डे पडताळून पाहावीत अशी विनंती केली.

याहीवेळी नकार आला असता तर काय, हे आम्ही भाच्याला आधीच समजावून ठेवले होते. वेतन संहितेच्या कलम 45 खाली अशा दाव्यांसाठी सरकार अधिकारी नेमते. तेथे येणे उत्पन्न झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पूर्वीच्या वेतन प्रदान कायद्यात ही मुदत बारा महिन्यांचीच होती. वेतन दिले नाही किंवा कमी दिले असा दावा झाला, म्हणजे ते दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, असे कलम 59 सांगते. तथापि जादा काम झाले होते, एवढे प्रथमदर्शनी दाखविणारे काही तरी आपल्या हाती असावेच. आणि अर्ज करायचा तो कारखाना ज्या भागात आहे तेथल्या कामगार कार्यालयाकडे. भाचा राहतो इंदुरात, पण पीथमपूर पडते धार जिल्ह्यात. घराजवळच्या कार्यालयात कागद दिला असता, तर तो तेथून परत येण्यातच महिना गेला असता.

आमचा हा हिशेब जसाच्या तसा सर्वांना लागू पडणार नाही, हेही सांगितले पाहिजे. कलम 32 हे 'कामगारा'साठी आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय जागेवरची माणसे त्यात येत नाहीत. महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा देखरेखीचा माणूसही येत नाही. हाताने कुशल काम करणारा आमचा भाचा मात्र पगार कितीही असला तरी कामगारच. जे यात बसत नाहीत, त्यांनी आपले नियुक्तीपत्र आणि कंपनीची रजेची नियमावली काढून पाहावी. त्यांचा हक्क तेथे लिहिलेला असतो, आणि पत्रात कलमाच्या जागी त्या नियमाचा क्रमांक घालावा. दुसरे असे की, वर सांगितलेला हिशेब वार्षिक अर्जित रजेचा आहे. नैमित्तिक आणि आजारपणाची रजा नियमावलीत तशी सोय असेल तरच रोख मिळते, म्हणून ते दिवस बेरजेत मिसळू नयेत. एक चुकीचा आकडा शिरला की समोरचा सगळ्याच बेरजेवर शंका घेतो.

दहा दिवसांनी भाचा पुन्हा आला. या वेळी मोबाइल खिशात होता आणि हातात राजवाड्याजवळून आणलेला मिठाईचा पुडा. रजेचे 5 दिवस पुरे मान्य झाले होते, 4,000 रुपये. आठ तासांपैकी तीन संध्याकाळची जॉब कार्डे सापडली, सहा तासांचे 1,200 मिळाले. चौथ्या दिवसाच्या कार्डावर सहीच नव्हती. त्या दोन तासांचे 400 रुपये नाकारले गेले, पण कारणासह, लेखी. 24,400 पैकी 24,000 हाती आले.

आमचा जुना स्वभाव जागा झाला. त्या चारशेंसाठीही अर्ज करू, असे आम्ही म्हणालो. भाचा हसला.

"नको मामा. त्या दिवशी सुपरवायझरची आई वारली होती. तो दुपारीच निघून गेला, म्हणून सही राहिली. आता त्याला विचारायला गेलो, तर त्याच्यावरच ताशेरा येईल."

आम्ही गप्प बसलो. चौतीस वर्षांत सही नसलेल्या किती चिठ्ठ्या आम्ही लाल पेन्सिलीने खोडल्या असतील. त्यांतल्या एखाद्या दिवशीही कोणाच्या घरी असेच काही घडले असेल, हे तेव्हा मनात आले नव्हते. हक्क सोडायचा तर तो आपण होऊन, कारण ठाऊक असताना सोडावा. न कळता गमावू नये, एवढाच फरक.

इंदूरच्या वाचकांना थकलेल्या येण्याची गोष्ट नव्याने सांगायला नको. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्या सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यासाठी 224 कोटी रुपये वळते झाले ते 25 डिसेंबर 2023 रोजी. मधल्या तीस वर्षांत कित्येकांच्या विधवा आणि मुले पासबुके घेऊन सभांना जात राहिली. भाच्याचे येणे त्यापुढे अगदीच लहान, आणि त्याचा कारखानाही चालू होता. परंतु चालू कारखान्याकडे, हजेरीपत्रक ताजे असताना, पहिल्या पंधरवड्यात मागितलेले येणे आणि सगळे पांगल्यावर मागितलेले येणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

थोरलीची फी त्याच आठवड्यात भरली गेली. पावती भाचेसूनबाईंनी मोबाइलमध्ये साठवली आहे, आणि नव्या कारखान्याची पहिली पगारचिठ्ठीही. तिच्या तळाशी रजेची शिल्लक छापलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असून, ती कोठे पाहायची हे विचारून यायला त्यांनी भाच्याला बजावले आहे.